‘किंवा समकक्ष’ हे ठरवायचं कोणी?

ऑगस्ट २०२४ मध्ये बृहन्मुंबई महानगरपालिकेने ‘कार्यकारी सहाय्यक’ पदाच्या १,८४६ जागांसाठी जाहिरात काढली. पूर्वी ज्याला लिपिक म्हणत, तेच हे पद. दहावी आणि पदवी पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण असली पाहिजे, या अटीवरून गदारोळ झाला. शेवटी पालिकेने ती अट काढली आणि सप्टेंबरमध्ये नव्याने अर्ज मागवले. चर्चा बहुतेक त्या अटीचीच झाली. पण त्याच परिच्छेदात आणखी एक शब्दप्रयोग होता, आणि तो कुणी काढला नाही, काढण्याचं कारणही नव्हतं. पदवी वाणिज्य, विज्ञान, कला, विधी ‘किंवा तत्सम’ शाखेची असावी, असं जाहिरात म्हणत होती. विक्रोळीतल्या कन्नमवार नगर, टागोर नगर किंवा पार्कसाइटच्या घरांत आज ज्या पदव्या आहेत त्यांतल्या कितीतरी या चार शब्दांत सरळ बसत नाहीत. कुणी बीएमएस, कुणी बीई, कुणी मुक्त विद्यापीठाची पदवीधर, कुणी आयटीआय करून पुढे डिप्लोमा केलेला. या प्रत्येकाला ‘तत्सम’ वाचून वाटतं की दार आपल्यासाठी उघडं ठेवलंय. काहींच्या बाबतीत ते खरंही असतं.

‘किंवा समकक्ष’ म्हणजे मागितलेल्या पदवीएवढी किंमत असलेली कुठलीही पदवी, असा अर्थ आपण सवयीने लावतो. मग शिक्षणाची तुलना सुरू होते: माझा अभ्यासक्रम त्यांच्यापेक्षा कठीण होता, माझी तीन वर्षं त्यांच्या तीन वर्षांपेक्षा कमी कशी? सरकारी भरतीत या तुलनेला फार थोडी जागा आहे. तिथे ‘समकक्ष’ हा शब्द कुणाला तरी निर्णयाचा अधिकार देतो. तो अधिकार कुणाकडे आहे, त्याने तो आधीच वापरलाय की अजून वापरायचा आहे, आणि वापरताना त्याच्यासमोर कोणते कागद असतील, हे तीन प्रश्न सुटले तर उमेदवाराचं काम बरंच पुढे जातं. ते सुटले नाहीत तर सुवर्णपदकही कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर निरुपयोगी ठरू शकतं.

पहिला प्रश्न जाहिरात नीट वाचली की बऱ्याचदा सुटतो. पोलीस शिपाई भरतीत बारावी किंवा ‘शासनाने समकक्ष म्हणून जाहीर केलेली’ परीक्षा मागतात. राज्यसेवेच्या जाहिरातीत सांविधिक विद्यापीठाची पदवी किंवा महाराष्ट्र शासनाने मान्य केलेली समतुल्य अर्हता मागतात. इथे निर्णय घेणारं शासन आहे आणि निर्णय आधीच झालेला असावा लागतो. तुमची परीक्षा समकक्ष असल्याचा शासन निर्णय असेल तर तो क्रमांक आणि दिनांकासह जोडा, आणि नसेल तर पडताळणी अधिकाऱ्याशी वाद घालून उपयोग नाही, कारण त्याच्या हातात तो अधिकारच नसतो. संगणक अर्हतेचंही असंच आहे. एमएस-सीआयटी किंवा डीओईएसीसी सोसायटीच्या सीसीसी, ओ स्तर वगैरे परीक्षा अशी नावांची यादी शासनाने दिलेली असते. त्या यादीत नसलेल्या खासगी क्लासचं प्रमाणपत्र, तिथे दुप्पट शिकवलेलं असलं तरी, यादीबाहेरच राहतं. टंकलेखनातही शासकीय परीक्षेचं प्रमाणपत्र लागतं, बोटांचा वेग कितीही असो.

महापालिकेच्या ‘तत्सम शाखे’ची गोष्ट मात्र वेगळी आहे. इथे कुठल्या शासन निर्णयाकडे बोट दाखवलेलं नाही, म्हणजे नियुक्ती करणारं प्राधिकरण स्वतःच ठरवणार. हीच ती जागा जिथे उमेदवाराला आपली बाजू मांडता येते. तिसरा प्रकार म्हणजे जिथे ‘समकक्ष’ हा शब्दच नाही. तिथे उमेदवार बहुतेक वेळा एका समजुतीवर विसंबतो की वरचं शिक्षण खालच्या शिक्षणाला आपोआप सामावून घेतं. लोक सर्वात जास्त इथेच फसतात, म्हणून हा भाग जरा सविस्तर पाहायला हवा.

जम्मू-काश्मीरच्या वीज विभागात ‘टेक्निशियन-३’ पदासाठी दहावी आणि संबंधित व्यवसायातला आयटीआय अशी अर्हता होती. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचा डिप्लोमा असलेल्यांनी अर्ज केले. त्यांचं म्हणणं सरळ होतं की डिप्लोमा आयटीआयपेक्षा वरचा, तेव्हा आम्ही पात्रच आहोत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि डिसेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने ते म्हणणं नाकारलं. कोणत्या पदाला कोणती अर्हता हवी हे ठरवणं नियोक्त्याचं काम आहे, दोन अर्हता समकक्ष आहेत की नाहीत हेही त्यानेच ठरवायचं, न्यायालय जाहिरातीतली अट ताणून मोठी करू शकत नाही, असा त्या निकालाचा गाभा आहे. यावर लगेच आक्षेप येतो की हे तर्काला धरून नाही. केरळ लोकसेवा आयोगाच्या एका प्रकरणात याच न्यायालयाने डिप्लोमाच्या जागी इलेक्ट्रिकलची बीटेक पदवी मान्य केली होती. मग एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा का? उत्तर केरळच्या सेवानियमात आहे. तिथल्या नियमातच अशी तरतूद होती की विहित अर्हता ज्यात गृहीत धरलेली असते ती वरची अर्हताही चालेल. जम्मू-काश्मीरमध्ये तशी तरतूद नव्हती. म्हणजे दोन्ही निकालांमधला फरक शिक्षणाच्या दर्जात नसून नियमाच्या मजकुरात आहे.

आक्षेप घेणारा इथे थांबत नाही. नियमात काहीही लिहिलेलं असो, डिप्लोमावाल्याला जास्त येतं ना? यालाही उत्तर आहे, आणि विक्रोळीसारख्या कारखान्यांच्या वस्तीत ते पटायला कठीण जाऊ नये. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन आणि डिप्लोमाचा इलेक्ट्रिकल इंजिनिअर यांचा अभ्यासक्रम एकाच शिडीच्या दोन पायऱ्या नाहीत. एकाचे बहुतेक तास हत्यारं हातात घेऊन जातात, दुसऱ्याचे गणित, रेखांकन आणि सिद्धान्तात. शिवाय नियोक्त्याचा एक धोरणात्मक हेतूही असू शकतो. आयटीआयसाठी ठेवलेल्या जागा वरच्यांना उघडल्या तर स्पर्धेत आयटीआयवाला मागे पडेल आणि त्याच्यासाठी ठेवलेली नोकरी त्यालाच मिळणार नाही. हे धोरण चूक आहे असं कुणाला वाटू शकतं. पण ते धोरण आहे, आणि ते बदलायचं तर भरतीनियम बदलावे लागतात. पडताळणीच्या दिवशी त्यावर वाद करून चालत नाही.

वरची अर्हता लपवण्याचा मोहही याच समजुतीतून येतो. पंजाब नॅशनल बँकेच्या शिपाई पदाच्या भरतीत पदवीधर नको असं स्पष्ट होतं. एका उमेदवाराने आपली पदवी लपवली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकेची बाजू उचलून धरली. अर्जातलं मौनसुद्धा खोटी माहिती ठरू शकतं.

समकक्षतेचा सर्वात बोधक खटला मात्र महाराष्ट्रातलाच आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने औषध निरीक्षक आणि सहायक आयुक्त (औषधे) या पदांसाठी जाहिराती दिल्या होत्या. औषधांचं उत्पादन किंवा चाचणी यांसारख्या कामाचा प्रत्यक्ष अनुभव ही आवश्यक अट होती. त्याखाली एक प्राधान्याचं कलम होतं: प्रयोगशाळेत औषधांवर संशोधन केल्याचा अनुभव असल्यास प्राधान्य. ज्यांच्याकडे संशोधनाचा अनुभव होता पण उत्पादन-चाचणीचा नव्हता अशांनी दावा केला की आमचा अनुभव समकक्षच आहे. मुंबई उच्च न्यायालयाला ते पटलं. मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. प्राधान्य ही आवश्यक अर्हता पूर्ण करणाऱ्यांमधली निवड असते, ती अर्हतेची जागा घेऊ शकत नाही. याच निकालात न्यायालयाने एक ओळ आखून दिली, जी उमेदवाराने पाठ करावी अशी आहे. जाहिरातीची आणि नियमांची भाषा स्पष्ट असेल तर न्यायालय त्यावर निवाडा देणार नाही. भाषा संदिग्ध असेल तर प्रश्न पुन्हा नियुक्ती प्राधिकरणाकडे जाईल.

या शेवटच्या वाक्यात उमेदवाराचा खरा फायदा आहे. संदिग्धता असेल तर प्राधिकरणाला निर्णय घ्यावाच लागतो, आणि संविधानाच्या अनुच्छेद १४ मुळे तो मनमानी असून चालत नाही. ‘तत्सम शाखा’ हे संदिग्धतेचं उत्तम उदाहरण आहे. तेव्हा ते घेऊन एक अर्ज रचून पाहू.

समजा, कन्नमवार नगरातल्या एका उमेदवाराकडे मुंबई विद्यापीठाची बीएमएस पदवी आहे. ऑनलाइन अर्जात शाखा निवडायची आहे. पहिला मोह ‘बीकॉम’ निवडण्याचा. तो टाळायचा, कारण ते असत्य विधान आहे आणि पडताळणीत गुणपत्रिका बाहेर आली की समकक्षतेचा मुद्दा बाजूला पडून खोटेपणाचा मुद्दा पुढे येतो. ‘इतर’ किंवा ‘तत्सम’ असा पर्याय असेल तर तो, आणि पदवीचं नाव प्रमाणपत्रावर छापलंय तसंच. भरलेल्या अर्जाची प्रत आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट जपून ठेवायचा.

मग बाजू मांडायची. इथे बहुतेक जण विषयांची यादी देतात: आम्हाला हिशेबशास्त्र होतं, अर्थशास्त्र होतं, व्यावसायिक कायदा होता. ही यादी द्यावी, पण ती दुसऱ्या क्रमांकाची. पहिल्या क्रमांकाचा पुरावा म्हणजे विद्यापीठाने स्वतः ही पदवी कुठल्या विद्याशाखेत ठेवली आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ खाली चार विद्याशाखा आहेत: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. बीएमएस वाणिज्य व व्यवस्थापन विद्याशाखेत येतं. म्हणजे जाहिरातीतला ‘वाणिज्य’ आणि या उमेदवाराची पदवी एकाच विद्याशाखेत आहेत, आणि हे उमेदवाराचं मत नसून विद्यापीठाचं वर्गीकरण आहे. प्राधिकरणाच्या अधिकाऱ्याला हेच हवं असतं. उद्या लेखापरीक्षणात किंवा न्यायालयात प्रश्न आला तर त्याला कुणाच्या तरी अधिकृत कागदाचा आधार दाखवता यावा लागतो. तुमच्या तर्कावर त्याने विश्वास ठेवला, असं फाइलवर लिहिता येत नाही.

असाच अर्ज बीई पदवीधराने केला तर? ‘विज्ञान व तंत्रज्ञान’ ही एकच विद्याशाखा आहे, असं तोही म्हणू शकेल. पण हा दावा आधीच्यापेक्षा कच्चा आहे. विद्याशाखेचं नाव जोडलेलं असलं तरी अभियांत्रिकीची प्रवेशप्रक्रिया, चार वर्षांचा कालावधी आणि नियामक संस्था हे सगळं विज्ञानाच्या पदवीपेक्षा वेगळं आहे, आणि प्राधिकरणाने ‘नाही’ म्हटलं तर त्या ‘नाही’ला मनमानी म्हणणं कठीण जाईल. दोन्ही अर्ज करण्यासारखे आहेत, पण कुठल्या अर्जावर दुसरी परीक्षा सोडून द्यायची आणि कुठल्यावर नाही, हे उमेदवाराला आधीच माहीत असावं.

अर्जासोबतचं पत्र एका पानाचं असावं. त्यात जाहिरातीतलं कलम शब्दशः लिहायचं, मग पदवीचं पूर्ण नाव, विद्यापीठ, वर्ष, मग ‘सदर पदवी मुंबई विद्यापीठाच्या वाणिज्य व व्यवस्थापन विद्याशाखेअंतर्गत प्रदान केलेली असून जाहिरातीतील वाणिज्य किंवा तत्सम शाखेच्या अटीची पूर्तता करते’ असं एक सरळ वाक्य, आणि शेवटी ‘सदर पदवी ग्राह्य नसल्यास त्याबाबतचा सकारण निर्णय लेखी कळवावा’ अशी विनंती. ‘सकारण’ हा शब्द महत्त्वाचा, कारण पुढे दाद मागायची तर ज्यावर दाद मागायची तो निर्णय हातात असावा लागतो. सोबत जोडायचे ते कागद म्हणजे पदवी प्रमाणपत्र, सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, श्रेणी असल्यास टक्केवारीत रूपांतराचा दाखला (जाहिरातीतली ४५ टक्क्यांची अटही सिद्ध करायची असते), विद्याशाखा दाखवणारा विद्यापीठाचा अध्यादेश किंवा परिपत्रक, आणि जुळणाऱ्या विषयांची यादी. पदवीचं नाव मधल्या काळात बदललेलं असेल, जसं मुंबई विद्यापीठाच्या बीएमएमचं बीएएमएमसी झालं, तर दोन्ही नावं एकाच अभ्यासक्रमाची आहेत असं दाखवणारा विद्यापीठाचा कागद वेगळा घ्यायचा. पडताळणी करणारा नावाकडेच पाहतो.

यात एक सापळा आहे, आणि तो बऱ्याच हुशार उमेदवारांना अडकवतो. विद्यापीठाच्या पात्रता विभागाकडून किंवा भारतीय विद्यापीठ संघाकडून मिळालेला समकक्षतेचा दाखला बहुधा पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश द्यायचा की नाही या प्रश्नाचं उत्तर असतो. नोकरीसाठी तो पुरावा म्हणून उपयोगी पडतो, पण नियोक्त्याला बांधून घेत नाही. दाखल्यावर ‘प्रवेशासाठी’ असं लिहिलंय का ते पाहावं, आणि शक्य असेल तर विद्यापीठाकडून विद्याशाखा व कालावधी सांगणारं पत्र घ्यावं.

मुक्त विद्यापीठाच्या पदव्यांबद्दलची शंका त्या मानाने लवकर सुटते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली राज्य विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालं, तेव्हा ते सांविधिक विद्यापीठच आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षणाच्या विनियमांनुसार मान्यताप्राप्त दूरशिक्षण पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरायची असते. अडचण दुसरीकडे येते. बारावी न करता पूर्वतयारी अभ्यासक्रमातून पदवीला प्रवेश घेतलेल्यांना, जाहिरातीत पदवीबरोबर बारावीची अटही स्वतंत्रपणे लिहिलेली असेल तर, पदवी समकक्ष असूनही बारावी नसल्यामुळे अपात्र ठरण्याचा धोका राहतो. दूरशिक्षणातल्या अभियांत्रिकी पदव्यांचा प्रश्नही वेगळा आहे. तांत्रिक शिक्षण परिषदेच्या मान्यतेशिवाय अभिमत विद्यापीठांनी दिलेल्या अशा पदव्यांवर नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ताशेरे ओढून काही स्थगित, तर काही रद्द केल्या होत्या.

हे सगळं अर्जाच्या शेवटच्या तारखेआधी व्हायला हवं. पात्रता त्या तारखेला मोजली जाते हे तत्त्व न्यायालयांनी १९९० च्या दशकात पक्कं केलं. निकाल लागलेला असावा, प्रमाणपत्र मिळण्यासारखं असावं. परीक्षा नंतर उत्तीर्ण झालो, हे चालत नाही. याच तत्त्वामागे आणखी एक विचार आहे, आणि कागदावर इतका भर देणं अन्यायाचं आहे या आक्षेपाचं तेच उत्तर आहे. जाहिरात वाचून ‘आपण पात्र नाही’ म्हणून ज्यांनी अर्जच केला नाही अशी शेकडो माणसं असतात. नंतर एका उमेदवारासाठी अट सैल केली तर त्या सगळ्यांवर अन्याय होतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच म्हटलं आहे. पण या युक्तिवादाची दुसरी बाजूही आहे. नियोक्त्याने ‘तत्सम’ म्हणजे काय ते जाहिरातीतच स्पष्ट केलं असतं तर अर्ज न केलेली ती माणसंही अर्ज करू शकली असती. भोंगळ शब्द वापरून निर्णय पडताळणीवर ढकलणं ही प्रशासनाची सोय आहे, आणि तिची किंमत उमेदवार मोजतो. माझ्या मते जाहिरातीसोबत मागच्या भरतीत ग्राह्य धरलेल्या पदव्यांची यादी जोडणं हे कठीण काम नाही, आणि ते न करण्याचं समाधानकारक कारणही दिसत नाही.

ती यादी उमेदवाराला स्वतः मिळवता येते. माहितीच्या अधिकारात, दहा रुपयांचं शुल्क भरून. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांत बसणारा असावा. ‘माझी पदवी समकक्ष आहे का’ असं विचारलं तर उत्तर येणार नाही, कारण तो अभिप्राय झाला आणि कायदा फक्त अस्तित्वात असलेली माहिती देतो. म्हणून विचारायचं असं: मागच्या भरतीत या पदासाठी ‘तत्सम शाखा’ म्हणून ग्राह्य व अग्राह्य ठरवलेल्या पदव्यांची यादी आणि त्याबाबतच्या टिपणीच्या प्रती द्याव्यात. उत्तराची मुदत तीस दिवस. भरतीच्या अर्जाची मुदत बहुधा तेवढी नसते, तेव्हा माहितीचा हा अर्ज जाहिरात येण्याची वाट न पाहता आधीच टाकायचा. अशा टिपणीत तुमची पदवी पूर्वी ग्राह्य धरलेली दिसली तर तुमच्या पत्रात सर्वात वजनदार जोडपत्र तेच.

खासगी नोकरीत यातलं बरंच बदलतं. गोदरेजच्या कारखान्यांभोवती वाढलेल्या विक्रोळीत आणि लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या कारखान्यांच्या जागी आलेल्या कार्यालयांत ‘बीई किंवा समकक्ष’ लिहिलेलं असतं तेव्हा कंपनीला वाटलं तर ती ते सोडू शकते. तिथे आधी केलेलं काम, चालवलेली यंत्रं, हाताळलेली सॉफ्टवेअर, प्रकल्प हाच पुरावा, आणि तो पहिल्याच परिच्छेदात द्यावा लागतो, कारण गाळणी लावणारा माणूस तिथपर्यंतच वाचतो. अपवाद कायद्याने नोंदणी लागणाऱ्या कामांचा. औषध दुकानात फार्मसिस्ट, रुग्णालयात नोंदणीकृत परिचारिका, विद्युत कामाला वायरमनचा परवाना. तिथे मालकाला तुमचं कौशल्य कितीही पटलं तरी नोंदणीची जागा अनुभव घेऊ शकत नाही.

सरकारी भरतीत लेखी नकार आला तर कुठे जायचं हे पदावर अवलंबून आहे. राज्य शासनाच्या पदासाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, महापालिकेसाठी मात्र उच्च न्यायालयात रिट. दोन्हीकडे मागणी नेमकी असावी. ‘मला पात्र ठरवा’ असं मागितलं तर वरचे सगळे निकाल तुमच्या विरुद्ध उभे राहतात. ‘प्राधिकरणाने माझे कागद पाहून निवड यादी लागण्याआधी सकारण निर्णय द्यावा आणि तोवर माझी एक जागा राखून ठेवावी’ ही मागणी त्याच निकालांच्या चौकटीत बसते, आणि तारखेच्या आधी दिलेलं ते एक पानाचं पत्र तिच्यासोबत जोडता येतं.